भिंतीवरचं इंदूर: विक्रीसाठी माझी मूळ चित्रं आणि छापील प्रती, मापांसकट

आधी मापांचं. प्रत्येक चित्राखाली यांतली लागू असतील ती मापं दिली आहेत: कागदाचं किंवा कॅनव्हासचं, माउंटच्या म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या भागाचं, आणि फ्रेमच्या बाहेरच्या कडेचं. भिंतीवर जागा मोजायची ती या तिसऱ्या मापानं. पूर्वी मी नुसतं "११ × १५ इंच" लिहायची. पुण्याच्या एका ताईंनी देवघराशेजारच्या कोनाड्यात बसेल म्हणून चित्र मागवलं आणि पार्सलातून निघाली १७ × २१ इंचांची फ्रेम. माप खरंच होतं, पण ते आतल्या कागदाचं. चूक माझी, परतीचं भाडंही मीच भरलं. तेव्हापासून स्टीलच्या पट्टीनं मोजते, सेंटीमीटरमध्ये लिहिते. आधी रुंदी, मग उंची.


राजवाडा, जुलैची सर
मूळ जलरंग चित्र, एकच प्रत, फ्रेमसह

कागद: २८ × ३८ सेंमी (११ × १५ इंच, म्हणजे पूर्ण शीटचा चौथा हिस्सा)
दिसणारं चित्र: २७.२ × ३७.२ सेंमी
फ्रेमची बाहेरची कड: ४३.२ × ५४.२ सेंमी (साधारण १७ × सव्वाएकवीस इंच)
जाडी: २.२ सेंमी, मागच्या हुकांमुळे भिंतीपासून आणखी अर्धा सेंमी पुढे
वजन: सुमारे २.३ किलो
किंमत: फ्रेमसह १४,५०० रुपये; नुसतं चित्र ११,००० रुपये

खजुरी बाजाराच्या बाजूनं, एका दुकानाच्या छपराखाली उभं राहून केलेल्या स्केचवरून घरी रंगवलेलं. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी, त्यामुळे पावसात भिजल्यावर इमारतीचे सरळ दोन रंग होतात: खाली ओला राखाडी, वर काळपट तपकिरी. चित्र त्यासाठीच काढलं. सात मजले मोजायला बसाल तर सव्वासहाच सापडतील, वरचा सरीत विरघळला आहे. तो डाग नव्हे.

कागद ३०० जीएसएम, कोल्ड प्रेस, शंभर टक्के कॉटन. पोत मध्यम खरखरीत; आकाशात जे दाणेदार दिसतं ते अल्ट्रामरीन निळा कागदाच्या खळग्यांत बसल्यामुळे. हा निळा आणि बर्न्ट सिएना मिसळूनच सगळे राखाडी केलेत, काळा रंग कुठेही वापरलेला नाही. छत्रीच्या लाल ठिपक्यात अलिझरिन क्रिमझन मुद्दाम टाळला, उजेडात तो लवकर उडतो. तिथे क्विनाक्रिडोन आहे. कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीची एक फिकट रेघ राहिली आहे, सुमारे दोन सेंमी. ती खोडायला गेले असते तर रंग उचलला गेला असता. फोटोत दिसत नाही, हातात घेतल्यावर दिसेल.

माउंट ऑफ-व्हाइट रंगाचं, आम्लरहित. तिन्ही बाजूंना ६ सेंमी आणि खाली ७, कारण चारी बाजू सारख्या ठेवल्या की चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. फ्रेमच्या खाचेत जाणारा भाग वजा केला तर डोळ्यांना साडेपाच आणि साडेसहा दिसतील. चित्र माउंटला वरच्या कडेनं दोनच बिजागऱ्यांवर टांगलं आहे, चारी बाजूंनी चिकटवलेलं नाही. पावसाळ्यात कागद थोडा फुगतो, त्याला हलायला जागा हवी. त्यामुळे ऑगस्टमध्ये किंचित लाट दिसली तर घाबरू नका, दिवाळीपर्यंत ती बसते.

फ्रेम सागवानाची, अडीच सेंमी रुंद पट्टी, वर नुसतं मेण. पॉलिश नाही, म्हणून डाव्या पट्टीचा रंग उजवीपेक्षा एक छटा गडद आहे. दोन वेगळ्या फळ्यांतून निघाल्यात. समोर २ मिमीची साधी काच, मागे ३ मिमीचा एमडीएफ. काच अतिनील किरण अडवणारी नाही, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नका. तिच्यात प्रतिबिंबही पडतं. फोटो काच काढून घेतले आहेत, म्हणजे घरी चित्र फोटोपेक्षा थोडं झाकोळलेलं वाटेल.

काचेची फ्रेम फक्त इंदूर, देवास आणि उज्जैनला, मी स्वतः आणून देईन. बाकी सगळीकडे काचेऐवजी ॲक्रिलिक लावून पाठवते, किंमत तीच.


महेश्वर, घाटावर सकाळ
माझ्या जलरंग चित्राचा प्रिंट, तीन आकारांत

आधी स्पष्ट सांगते: हा प्रिंट आहे. कागदावर हात फिरवला तर रंगाचा थर लागणार नाही. मूळ चित्र ५६ × ३८ सेंमीचं आहे आणि ते विकलं गेलं.

मूळ चित्राचं रुंदी-उंचीचं प्रमाण ए मापांच्या कागदाशी जुळत नाही, चित्र थोडं जास्त लांबट आहे. कागद भरायचा तर डावीकडची नाव कापावी लागली असती. नाव कापली नाही. चहूबाजूंनी पांढरी किनार सोडली.

ए४: कागद २९.७ × २१ सेंमी, छापलेलं चित्र २६ × १७.६ सेंमी. ९०० रुपये.
ए३: कागद ४२ × २९.७ सेंमी, छापलेलं चित्र ३७ × २५.१ सेंमी. १,९०० रुपये.
ए२: कागद ५९.४ × ४२ सेंमी, छापलेलं चित्र ५३ × ३६ सेंमी. ४,२०० रुपये. फक्त ५० प्रती, खालच्या किनारीत पेन्सिलीनं क्रमांक आणि सही. आजवर १७ गेल्या.

ए४ आणि ए३वर सही आहे, क्रमांक नाही. ते लागतील तसे छापले जातात, त्यांना "मर्यादित आवृत्ती" म्हणणं खोटं ठरेल.

ए३ आणि ए२ हे ३१० जीएसएम कॉटन रॅगवर, मॅट. या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं नाहीत, म्हणून त्याचा पांढरा हा दुधाच्या सायीकडे झुकतो. ए४ मात्र २३० जीएसएमच्या साध्या मॅट कागदावर आहे. तो जास्त पांढराशुभ्र आणि हाताला पातळ. हे सांगायचं कारण असं की एकाच भिंतीवर ए४ आणि ए३ शेजारी लावलेत तर नर्मदेचं पाणी दोन्हींत सारखं दिसणार नाही: ए४मध्ये निळसर, ए३मध्ये हिरवट. जोडी हवी असेल तर तसं कळवा, दोन्ही कॉटन रॅगवर काढून देईन. ए४चे ४५० रुपये वाढतील.

शाई पिगमेंटची, सगळ्या आकारांना तीच.

रंगाबद्दल. फोटो उत्तरेच्या खिडकीपाशी, सकाळी दहाच्या सुमारास घेतले, दिवा बंद ठेवून. मूळ पाणी हिरवट राखाडी आहे; बहुतेक मोबाईल ते जास्त निळं दाखवतात. किल्ल्याच्या भिंतीचा पिवळा दगड पडद्यावर उजळ दिसतो, कारण पडदा स्वतः प्रकाश देतो आणि कागद खोलीतला उजेड परत फेकतो. मॅट कागदावर गडद रंगही तितके काळेभोर होत नाहीत. घाटाच्या पायऱ्यांमधली सावली काळी नसून कोळशाच्या राखेसारखी आहे. पाहताना मोबाईलचा रात्रीचा पिवळा मोड बंद आहे ना, तेवढं बघा. घरी पिवळे एलईडी असतील तर संध्याकाळी हेच चित्र ऊबदार वाटेल आणि पाणी आणखी हिरवं. विकत घेण्याआधी खात्री करायची असेल तर १० × १५ सेंमीचा नमुना तुकडा पाठवते, त्याच कागदावर, पाणी आणि दगड दोन्ही येतील असा. शंभर रुपये, मोठा प्रिंट घेतल्यावर त्यातून वजा.

नवा कागदाचा रोल लावला की रंगात बारीक फरक पडतोच. पहिल्या छपाईचा एक प्रिंट मी कपाटात ठेवला आहे आणि प्रत्येक नवी प्रत त्याच्याशेजारी दिवसाच्या उजेडात धरून बघते. हातभर अंतरावरून फरक कळला तर ती प्रत पाठवत नाही. अगदी शेजारी धरून, डोळे बारीक करून बघितलं तर कळेल, तेवढा फरक मी चालवून घेते.

फ्रेमसह फक्त ए३, २,४०० रुपये जास्त. माउंटची खिडकी ३८ × २७ सेंमी, म्हणजे चित्राभोवती अर्धा सेंमी पांढरा कागद दिसेल आणि खाली सहीपुरता थोडा जास्त. फ्रेमची बाहेरची कड ५१.२ × ४०.२ सेंमी, वजन सुमारे दीड किलो, समोर ॲक्रिलिक. पट्टी दोन सेंमीची, अक्रोडी रंगाची. बाजारात हिला "वुडन फिनिश" म्हणतात. ती पॉलिस्टायरीन आहे, प्लास्टिकच. हलकी असते, तिला वाळवी लागत नाही, पण कोपऱ्यांचा सांधा जवळून दिसतो. सागवान हवं तर १,१०० रुपये आणखी आणि आठवडाभर थांबायची तयारी.

तयार फ्रेम आणून घरी बसवणार असाल तर ध्यानात घ्या: १२ × १८ इंचांच्या फ्रेममध्ये ए३ कागद लांबीत पावणेचार सेंमी कमी पडतो. माउंट कापून घ्यावंच लागेल.

ए३ आणि ए२ नळीत गुंडाळून येतात. उघडल्यावर लगेच फ्रेम करू नका. वर कोरा कागद घालून रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. उलटं गुंडाळून सरळ करू नका, मॅट कागदावर बोटांचे वळ उमटतात.


कृष्णपुरा छत्र्या, दिवेलागण
मूळ तैलचित्र, कॅनव्हासवर, एकच प्रत

कॅनव्हास: ६०.२ × ४५.२ सेंमी. लाकडी चौकट हाताने ठोकलेली आहे, उजवी बाजू डावीपेक्षा दोन मिमी कमी भरते.
फ्रेमची बाहेरची कड: ६४.२ × ४९.२ सेंमी
किंमत: २६,००० रुपये

काच नाही, माउंट नाही. काळ्या रंगाच्या लाकडी पेटीसारख्या फ्रेममध्ये कॅनव्हास बसवला आहे आणि भोवती ८ मिमीची फट आहे. फट मुद्दाम आहे, फ्रेम मोठी झालेली नाही. कॅनव्हासच्या कडाही रंगवल्यात.

चित्र गेल्या नोव्हेंबरात पूर्ण झालं. तैलरंग वरून वाळला तरी आतून वाळायला महिने लागतात, म्हणून अजून वार्निश केलेलं नाही. सध्या होळकरांच्या या स्मारक-छत्र्यांचा दगड मॅट आणि खान नदीतल्या दिव्यांचे पिवळे फटकारे चकचकीत, असं दिसतं. सहा महिन्यांनंतर इंदुरात असाल तर घरी येऊन वार्निश करून देईन, तेव्हा सगळी चमक सारखी होईल आणि गडद भाग थोडे खोल जातील. फोटो आजच्या अवस्थेतले आहेत.

दिव्यांपाशी रंगाचा थर दोन-तीन मिमी उचललेला आहे. ओल्या फडक्यानं पुसू नका, कोरडा मऊ ब्रश पुरे.


पोहे-जिलबी, पाच पोस्टकार्डं
१० × १५ सेंमी, ३०० जीएसएम आर्ट कार्ड, दुकानातल्या लेझर छपाईचं. १८० रुपये. जिलबीचा केशरी प्रत्येक खेपेला वेगळा येतो, कधी सराफा बाजारातल्या जिलबीसारखा, कधी गाजरासारखा. तो माझ्या हातात नाही. या कार्डांना फ्रेम करून उन्हात लावू नका, टपालानं पाठवा. मागची बाजू बॉलपेनला चालते, शाईच्या पेननं पसरते.


परतीबद्दल: माप किंवा कागद वर लिहिल्यापेक्षा वेगळा निघाला तर दोन्हीकडचं भाडं माझं. रंग घरच्या उजेडात मनासारखा वाटला नाही तरी सात दिवसांत परत घेते, पण तेव्हा पाठवण्याचा खर्च तुमचा. पार्सल उघडताना कोपऱ्यांचे फोटो काढून ठेवा, चारही.