थेट आंबा विक्रीचे उद्दिष्टपत्र : जून 2026 ते मे 2027, पावस, ता. रत्नागिरी

‘यंदा दलालावर कमी अवलंबून राहायचे’ हे आमच्या घरात दर मृगाला बोलले जाते आणि पुढच्या मृगापर्यंत कोणी त्याचा हिशेब विचारत नाही, म्हणून या वर्षी त्याला आकडा देत आहोत. आमच्या 45 हापूस कलमांतून साधारण 150 पेट्या निघतात. त्यांपैकी पाच डझनांच्या 60 पेट्या 31 मे 2027 पर्यंत थेट गिऱ्हाइकांना विकायच्या आहेत. गेल्या हंगामात अशा 14 पेट्या गेल्या होत्या. पेटी पोचून पैसे हाती आले, तरच ती मोजली जाईल. ‘दोन पेट्या ठेवा हं’ असे फोनवरचे आश्वासन मोजायचे नाही.

प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघे भाऊ आणि वहिनी वही उघडून बसू. पहिल्या पावसानंतर सर्व कलमांना खत घालून झाले आहे का, एवढेच जूनमध्ये पाहायचे. जुलै ते सप्टेंबर हे महिने गिऱ्हाइकांच्या यादीचे असून दरमहा 30 याप्रमाणे सप्टेंबरअखेर 90 नावे पत्त्यांसह वहीत हवीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किती कलमांना नवी पालवी आली, हे खोडावर चुन्याची खूण करून मोजायचे, कारण त्या कलमांचा मोहोर उशिरा येतो आणि पहिल्या पेट्यांची तारीख त्यावर ठरते. डिसेंबर-जानेवारीत मोहोरलेली कलमे मोजून तुडतुड्याची पाहणी करायची, फेब्रुवारीअखेर 40 पेट्यांची आगाऊ नोंदणी घ्यायची आणि फळमाशीचे रक्षक सापळे टांगायचे. मार्चअखेर 10, एप्रिलअखेर 40 आणि मेअखेर 60 पेट्यांचे पैसे जमा असावेत.

आकडा चुकला, तर काय करायचे, हे आत्ताच ठरवलेले बरे, कारण ऐन हंगामात आढीपाशी उभे राहून शांतपणे निर्णय होत नाही. जानेवारीच्या रविवारी 25 पेक्षा कमी कलमे मोहोरलेली असतील, तर उद्दिष्ट 35 पेट्यांवर आणायचे आणि थेट गिऱ्हाइकांच्या पेट्या भरल्यावर उरेल तोच माल वाशीला पाठवायचा. मोहोर भरपूर असूनही फेब्रुवारीअखेर नोंदणी 25 च्या खाली राहिली, तर दोष बागेचा नसून विक्रीचा आहे, असे समजून मार्चमध्ये धाकट्या भावाने पुण्याला जाऊन नातेवाइकांच्या सोसायट्यांत नोंदणी घ्यायची. उद्दिष्ट मात्र 60 च राहील. अवकाळी पावसाने फळ डागळले, तर ते घरच्या गिऱ्हाइकाच्या पेटीत एकही घालायचे नाही, कॅनिंगला द्यायचे, आणि त्यामुळे पेट्या कमी भरल्या, तर तेवढी नोंदणी रद्द करून आगाऊ रक्कम आठ दिवसांत परत करायची. या परताव्यासाठी नोंदणीची निम्मी रक्कम मेअखेरपर्यंत वहिनींच्या खात्यातून काढली जाणार नाही.