पाणथळ जागा: प्रकार, कामं आणि धोके (20 मार्कांचं दीर्घ उत्तर)

प्रश्न: पाणथळ जागांचं वर्गीकरण सांगून त्यांची कार्यं आणि त्यांच्यापुढचे धोके उदाहरणांसह स्पष्ट करा.

(ग्रुपवर तिघांनी मागितलं म्हणून माझं उत्तर जसंच्या तसं टाईप करतोय. भाषा बोलीच ठेवलीये, पेपरात लिहिताना तुमच्या पद्धतीने नीट करून घ्या. मी अर्जुनी मोरगावचा, त्यामुळे उदाहरणं गोंदियाकडची जास्त आलीत.)

पाणथळ म्हणजे काय

2 फेब्रुवारी 1971 ला इराणमधल्या रामसर गावात करार झाला, म्हणून तो दिवस जागतिक पाणथळ दिन. त्या करारातली व्याख्या खूप मोठी आहे. दलदल असो की साचलेलं किंवा वाहतं पाणी, नैसर्गिक असो की माणसाने केलेलं, कायमचं असो की फक्त पावसाळ्यातलं, गोडं, मचूळ, खारं काहीही, आणि समुद्राच्या बाजूला ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेला भाग, हे सगळं पाणथळ. "माणसाने केलेलं" आणि "फक्त पावसाळ्यातलं" हे दोन शब्द अधोरेखित करा, कारण पुढे सगळा घोळ तिथेच होतो.

वर्गीकरण

रामसर पद्धतीत एकूण 42 प्रकार आहेत, तीन मोठ्या गटांत.

1) सागरी आणि किनारी: खाड्या, चिखलपट्टे, कांदळवनं, प्रवाळ, खाजणं, चिल्कासारखी सरोवरं. आपल्याकडे ठाणे खाडी, 2022 मध्ये रामसर यादीत आली. ओहोटीला उघडा पडणारा तिथला चिखल बघून लोकांना घाण वाटते, पण फ्लेमिंगो येतात ते त्याच चिखलातलं आणि उथळ पाण्यातलं शेवाळ नि बारीक जीव खायला.

2) अंतर्गत: नद्या, सरोवरं, पूरमैदानं, दलदली, झरे. लोणार यातलंच, पण वेगळ्याच जातीचं, बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं खारं आणि अल्कधर्मी सरोवर, पीएच साधारण 10. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं ते खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी ते रामसर स्थळ झालं.

3) मानवनिर्मित: तलाव, बंधाऱ्यामागचं पाणी, भातखाचरं, मिठागरं, मत्स्यतळी. नाशिकच्या निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर हे गोदावरी-कादवा संगमाजवळ सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे तयार झालं. गाळ साचत गेला, उथळ बेटं झाली, पक्षी आले, आणि जानेवारी 2020 मध्ये तेच महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ ठरलं.

दुसरी पद्धत 1979 ची अमेरिकन, कोवार्डिनची. तिच्यात सागरी, खाडीमुखी, नदीय, सरोवरी आणि दलदली अशा पाच प्रणाली आहेत. एवढी नावं लिहिली तरी पुरे.

भारतात इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने उपग्रहावरून ॲटलास केला, त्यात 1 कोटी 52 लाख हेक्टरच्या आसपास पाणथळ क्षेत्र दिसलं, म्हणजे देशाच्या क्षेत्रफळाच्या 4.63 टक्के. 2.25 हेक्टरपेक्षा लहान जागा त्यात ठिपक्यासारख्या मोजल्या, सव्वादोन हेक्टरवरच्या 2 लाख 1 हजार 503.

आता माझा मुख्य मुद्दा, आणि माझ्या मते या प्रश्नात मार्क इथेच मिळतात. वर्गीकरण ही नुसती पाठ करायची यादी नाही, कोणती जागा कोणत्या खान्यात टाकली यावर ती वाचणार की बुजणार हे ठरतं. 2017 च्या केंद्रीय पाणथळ नियमांनी नदीपात्र, भातशेती, आणि पिण्याचं पाणी, सिंचन, मत्स्यशेती, मीठ, करमणूक यासाठी खास बांधलेले जलसाठे व्याख्येतून बाहेर ठेवले. आमच्याकडचे भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव घ्या. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले, सिंचनासाठीच. नवेगाव बांध कोलू पाटील कोहळींनी बांधला असं सांगतात. त्या तलावांत देवधान आहे, कमळ आहे, ढिवरांचा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि सारस पक्षी घरटं करतो ते तर बरेचदा भाताच्या बांधीतच. म्हणजे सारसाचं घर नियमाच्या बाहेर. हे लिहिताना मला खरंच त्रास होतो.

कार्यं

पूर अडवणं: पाणथळ जागा पाणी पसरवून घेते आणि हळूहळू सोडते, विहिरींना पाझर मिळतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला, एवढा पाऊस कुठेही झेपला नसता हे मान्य, पण मिठीच्या काठची दलदल आणि कांदळवन भराव टाकून आधीच आवळलेलं होतं, पाण्याला पसरायला जागाच नव्हती.

पाणी शुद्ध करणं: सगळ्यात चांगलं उदाहरण पूर्व कोलकात्याचं, 12,500 हेक्टर, रामसर 2002. शहराचं सांडपाणी भेडी नावाच्या उथळ मत्स्यतळ्यांमध्ये सोडतात, ऊन, शेवाळ आणि जिवाणू मिळून घाण कुजवतात, त्यावर प्लवक वाढतं, प्लवक मासे खातात, आणि तेच मासे कोलकात्याच्या बाजारात जातात. शहराचं सांडपाणी साफ आणि मासेमारांच्या हाताला काम, दोन्ही एकाच पाण्यात.

किनारा राखणं: 1999 च्या ओडिशा चक्रीवादळात केंद्रपाडा जिल्ह्यात ज्या गावांसमोर कांदळवन रुंद होतं तिथे माणसं कमी दगावली. कार्बन चिखलात गाडून ठेवणं हेही कांदळवनाचं काम, आणि माशांची पिल्लं त्याच्या मुळांतच वाढतात.

उपजीविका: मासे, शिंगाडा, कमळकंद, चारा, उन्हाळ्यात पाणी मागे गेल्यावरची गाळपेर शेती. गोव्यात खाजण शेतीत बांध आणि मानस नावाच्या झडपेने खारं पाणी अडवून भातही घेतात, मासळीही.

धोके

भराव आणि बांधकाम हा पहिला, कारण सातबाऱ्यावर पडीक दिसलं की जागा रिकामी समजली जाते. दुसरा सांडपाणी आणि खतं: नायट्रोजन-फॉस्फरस वाढलं की जलपर्णी माजते, खाली ऊन पोचत नाही, ऑक्सिजन संपतो, मासे मरतात. उजनीच्या काठच्या कुणालाही विचारा.

तिसरा पाण्याची लय मोडणं, आणि हा उत्तरात बहुतेक जण विसरतात. मणिपूरच्या लोकटाकवर 1983 मध्ये इथाई बॅरेज झालं, पाणी वर्षभर चढलेलं राहू लागलं. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुमडी, म्हणजे वनस्पती आणि मातीचा तरंगता थर, तळाला टेकायची, मुळांना माती मिळायची, ते थांबल्यावर फुमडी पातळ झाली, आणि त्या फुमडीवरच सांगाई हरीण राहतं. लोकटाक 1993 पासून माँत्रो नोंदीत, म्हणजे धोक्यातल्या रामसर स्थळांच्या यादीत आहे.

शिवाय परके जीव (तिलापिया, बेशरम), गाळ, अतिमासेमारी आणि चढता समुद्र. आमच्या तलावांचं दुखणं अजून एक आहे: 1950 नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि पाळ कोणी दुरुस्त करायची हेच पुसट झालं.

उपाय

चिल्का नक्की लिहा. समुद्राचं तोंड गाळाने बुजलं, खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी पडली, 1993 मध्ये तेही माँत्रो नोंदीत गेलं. सप्टेंबर 2000 मध्ये नवं मुख खोदलं, खारं पाणी परत आत आलं, मासळी वाढली, आणि 2002 मध्ये नाव नोंदीतून निघालं.

आपल्याकडे तातडीने हवंय ते असं: सिंचनाचे जुने तलाव नियमांच्या व्याख्येत घ्या, गावागावातल्या बोडीसकट नकाशा करून हद्दीचे दगड रोवा, ढिवर संस्थांना लिलावापुरतं न बोलावता देखभालीत अधिकार द्या, आणि सौंदर्यीकरणाच्या नावाखाली काठाला काँक्रीट लावणं बंद करा. पाणी आणि जमीन जिथे भेटतात त्या उथळ काठावरच देवधान उगवतं, बगळे चरतात आणि मासे अंडी घालतात.