तीन वर्षांचा करार, अकरा महिन्यांचा कामगार: लवचिक नेमणुका आणि गोव्यातील कामगार संघटनांची सौदाशक्ती

माझे बाबा कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं होते. आमच्या घरात दर तीन वर्षांनी एक मोसम यायचा. युनियन मागणीपत्र देणार, मॅनेजमेंट महिनोन्‌महिने टोलवणार, मग पणजीला पाटोवर कामगार आयुक्तालयात तारखा पडणार आणि शेवटी सह्या होणार. थकबाकी हाती आली की घरात काहीतरी मोठं व्हायचं: कौलं बदलली, ताईचं लग्न झालं. त्याच कारखान्यात आज माझा मावसभाऊ काम करतो, तेच यंत्र चालवतो. त्याच्या घरी हा मोसम येत नाही. त्याचं नेमणूकपत्र अकरा महिन्यांचं आहे आणि त्यावर कारखान्याचं नव्हे, कंत्राटदाराचं नाव आहे.

संघटनांची ताकद घटली याची कारणं सांगताना सहसा सभासदसंख्या, नेत्यांचं राजकारण किंवा जागतिकीकरण पुढे केलं जातं. त्यांत तथ्य आहे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. सौदा करायला माणसं लागतात तसा काळही लागतो. आज सोसलं तर उद्या मिळेल, आणि उद्या आपण इथेच असू, या भरवशावर कामगार संपाचे बिनपगारी दिवस काढतो. लवचिक करारांनी सगळ्यात आधी हा भरवसा काढून घेतला.

यामागचं कायद्याचं यंत्र पाहू. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय कमी करता येत नसे. म्हणून 240 भरण्याआधी ‘ब्रेक’ देण्याची पद्धत पडली. 1984च्या दुरुस्तीने आणखी एक वाट काढून दिली: मुदतीचा करार संपला आणि पुढे वाढवला नाही, तर ती कपात धरायची नाही. कामावरून काढण्यासाठी कारण लागतं आणि कारणाला आव्हान देता येतं. मुदत नुसती संपते. गेट मीटिंगमध्ये पुढे उभा राहिलेल्या मुलाचा करार वाढला नाही, तर सूडबुद्धीने काढलं हे कुठल्या कागदावरून सिद्ध करायचं?

कंत्राटी कामगारांची गोष्ट याहून अवघड आहे. 1970च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठरावीक कामांतली कंत्राटी पद्धत बंद करण्याची तरतूद होती. अशी बंदी आली की कामगार आपोआप मूळ मालकाचा होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1997मध्ये म्हटलं. 2001मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात घटनापीठाने ते फिरवलं. बंदी आली तरी कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. कंत्राट निव्वळ दिखाऊ असल्याचं सिद्ध करावं लागतं, तेही औद्योगिक न्यायाधिकरणापुढे. अकरा महिन्यांचा माणूस किती वर्षांचा खटला चालवणार?

वेतनकराराच्या बाबतीत हा दुरावा फार उघडा पडतो. समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना, सभासद असोत वा नसोत, पुढे भरती होणाऱ्यांनाही लागू होतो, ही जुन्या कायद्याची मोठी देणगी. पण कंत्राटी कामगार कागदोपत्री त्या आस्थापनेचा नसतोच. एकाच बेल्टवर दोघं उभे असतात. करार झाला की एकाचा पगार वाढतो आणि दुसरा किमान वेतनाच्या पुढच्या अधिसूचनेची वाट बघतो. यातून जी अढी बसते ती मॅनेजमेंटविरुद्ध कमी आणि युनियनविरुद्ध जास्त असते. मावसभाऊ ‘तुमची युनियन’ म्हणतो, आणि ते ऐकलं की बाबा गप्प होतात.

त्यांनी गप्प व्हायला कारण आहे. नव्वदीनंतरच्या एका करारात युनियनने बऱ्यापैकी वाढ पदरात पाडून घेतली, आणि बदल्यात पॅकिंग, लोडिंग, सफाई, बागकाम कंत्राटावर देण्याला हरकत घेतली नाही. तेव्हा तो शहाणपणाचा सौदा वाटला. पॅकिंगनंतर उत्पादनातही कंत्राटी आले. कायम कामगार निवृत्त होत गेले, जागा भरल्या नाहीत. युनियनला कुणी फोडलं नाही. ती वयाने संपत आली. संघटनांचा हा दोष निबंधात झाकून ठेवण्यासारखा नाही.

चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झाल्या. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेने मुदतीच्या नोकरीला सर्व उद्योगांत कायद्याचं स्थान दिलं. तिची जमेची बाजू नाकारता येणार नाही: मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतकंच वेतन आणि सवलती, आणि एका वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटी. कळंगुट-कोलव्याच्या हॉटेलांत ऑक्टोबर ते मार्च काम आणि पावसाळ्यात घरी, असं आयुष्य काढणाऱ्याला हा नियम पाळला गेला तर कंत्राटदारापेक्षा बराच बरा. तिथे काम खरंच मोसमी आहे. वेर्ण्याच्या औषध कारखान्यात गोळ्यांना कसला मोसम?

पण त्याच संहितेतली मान्यतेची अट बघा. एकाहून अधिक संघटना असतील तर मालकाशी एकटीने बोलणी करायला हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तो कुणालाच नसेल तर किमान 20 टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची परिषद बसते. मुदतीचा कामगार हजेरीपटावर असतो, म्हणजे टक्केवारीच्या छेदात तो मोजला जातो. पण पत्र वाढवून घ्यायचं असताना तो सभासद व्हायला धजत नाही, म्हणून अंशात येत नाही. कंत्राटी कामगार तर कंत्राटदाराच्या हजेरीपटावर. एकाने छेद फुगतो, दुसरा हिशेबातच नाही.

संपाचंही तेच. पूर्वी आगाऊ नोटिशीची सक्ती सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांपुरती होती. आता सर्वत्र 14 दिवस आधी नोटीस. समेटाची कार्यवाही चालू असताना आणि त्यानंतर सात दिवस संप करता येत नाही. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एका दिवशी रजा टाकली तर तोही संप. 300पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी वा बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागत नाही; आधी ही मर्यादा 100 होती. गोव्यातले बहुतेक कारखाने लहान-मध्यम, त्यामुळे इथे हा आकडा जास्त बोचतो.

गोव्यापुरती आणखी एक गाठ आहे. इथे नोकऱ्यांची चर्चा गोंयकार की भायलो याच वळणाने जाते. स्थानिकांना प्राधान्य हवं ही मागणी रास्त आहे. खाणी 2012मध्ये आणि पुन्हा 2018मध्ये बंद पडल्यावर सत्तरी, डिचोली, सांगे भागांतल्या घरांनी काय सोसलं हे आम्ही पाहिलं आहे. पण बिहार-ओडिशाचा मुलगा कंत्राटदाराच्या खोलीत राहतो. नोकरी गेली की छप्परही जातं. तो बोलणार नाही, हे ओळखूनच त्याला आणलेलं असतं. त्याला गेटवर शत्रू ठरवणारी संघटना कंत्राटदाराचंच काम हलकं करते.

मग कंत्राटी कामगारांना सभासद करून का घेत नाहीत, हा प्रश्न मी एका जुन्या कार्यकर्त्याला विचारला. ते म्हणाले, दोनदा केलं. पहिल्या वेळी कंत्राटदाराला मागणीपत्र दिलं. तो म्हणाला, कंपनी मला देते त्यातून मी इतकंच देऊ शकतो. कंपनी म्हणाली, हे आमचे कामगार नाहीत. दुसऱ्या वेळी आयुक्तालयात समेटाची तारीख लागली, आणि तारखेच्या आधीच कंत्राट बदललं. नव्या कंत्राटदाराने तीच मुलं घेतली, सगळ्यांना नवी पत्रं दिली, सेवेचा पहिला दिवस नवा. मागणीपत्रावर पत्ता मात्र जुन्या कंत्राटदाराचा होता.