झेरॉक्स-स्कॅन-प्रिंट यंत्राच्या टच स्क्रीनवरील मराठी मेनू
पतसंस्थेचे बेळगाव मुख्य कार्यालय, खानापूर शाखा आणि निपाणी शाखा यांच्यासाठी

पहिला पडदा: भाषा निवडा

मराठी · कन्नड · इंग्रजी

आपल्याला ज्या भाषेत काम करणे सोपे जाते, त्या भाषेवर बोट ठेवा. या निवडीने फक्त पडद्यावरील सूचनांची भाषा बदलते; आपण स्कॅन करत असलेल्या किंवा छापत असलेल्या कागदातील मजकुरावर तिचा काहीही परिणाम होत नाही. काम चालू असतानाही वरच्या उजव्या कोपऱ्यातील ‘भाषा’ या बटणाने ती बदलता येते आणि तोपर्यंत केलेल्या निवडी तशाच राहतात, त्यामुळे शेजारच्या कन्नडभाषक सहकाऱ्याला मदतीला बोलावले तर त्याला पडदा खुशाल त्याच्या भाषेत करून द्यावा.

एक मिनिटभर कोणी पडद्याला स्पर्श केला नाही, तर यंत्र या पहिल्या पडद्यावर परत येते आणि आधीच्या व्यक्तीने निवडलेले ई-मेल पत्ते, प्रतींची संख्या व ट्रे या सर्व निवडी पुसून टाकते. ही सोय मुद्दाम ठेवली आहे. एका सभासदाची कागदपत्रे मागच्या माणसाने निवडून ठेवलेल्या पत्त्यावर जाणे हा पतसंस्थेत घडू शकणारा सर्वांत गंभीर घोटाळा आहे, आणि तो टाळण्यासाठी पुन्हा दोन बटणे दाबावी लागली तरी तो त्रास फार मोठा नाही.

मुख्य पडदा

झेरॉक्स · स्कॅन करून ई-मेल · माझे प्रिंट · कागद आणि ट्रे · मदत

स्कॅन करून ई-मेल

*पायरी १: कागद ठेवा.*
सुटे, सपाट आणि एकाच मापाचे कागद वरच्या फीडरमध्ये मजकूर वर करून ठेवा. पिना आणि क्लिपा आधी काढा. पासबुक, जुने खरेदीखत, घडीवर फाटू लागलेला जमिनीचा उतारा किंवा फोटो चिकटवलेला अर्ज फीडरमध्ये घालू नका. असा प्रत्येक कागद झाकण उघडून काचेवर, मजकूर खाली करून, बाणाच्या कोपऱ्याला जुळवून ठेवा. सभासदाने विश्वासाने दिलेला मूळ कागद फीडरमध्ये अडकून फाटला, तर तो आपल्याला पूर्ववत करून देता येणार नाही.

काचेवर एकापाठोपाठ एक पाने ठेवायची असतील, तर ‘पुढचे पान आहे’ हे बटण दाबत राहा. ‘झाले’ हे बटण दाबेपर्यंत सर्व पाने एकाच फाइलमध्ये जमा होतात.

*पायरी २: कोणाला पाठवायचे?*
पत्त्यांच्या यादीत मुख्य कार्यालय, खानापूर शाखा, निपाणी शाखा, कर्ज विभाग आणि लेखापरीक्षण अशी नोंद आहे. यादीत नसलेला पत्ता ‘नवीन पत्ता’ या बटणाने टंकता येतो. मात्र तो पडद्यावर पूर्ण आणि मोठ्या अक्षरांत पुन्हा दाखवला जातो व ‘हा पत्ता बरोबर आहे’ असे दाबल्याशिवाय यंत्र पुढे जात नाही. ‘मलाही प्रत पाठवा’ हे बटण आधीपासून चालू असते. ते शक्यतो बंद करू नये, कारण काय गेले आणि कोणाला गेले याचा सर्वांत सोपा पुरावा तीच प्रत असते.

*पायरी ३: विषय आणि फाइलचे नाव लिहा.*
विषय रिकामा सोडला, तर यंत्र स्वतःहून ‘स्कॅन केलेला कागद’ आणि दिनांक एवढेच लिहिते, आणि महिन्याभराने त्या नावाच्या पुष्कळ ई-मेलमधून हवा तो शोधणे कठीण होते. म्हणून कागदाचा प्रकार आणि सभासद क्रमांक लिहावा. आधार क्रमांक, खाते क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक विषयात अथवा फाइलच्या नावात कधीही लिहू नये. आधार कार्ड पाठवायचेच असेल, तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारी, बाकीचे अंक झाकलेली प्रत सभासदाकडून मागून घ्यावी.

*पायरी ४: स्कॅनचा दर्जा निवडा.*
डीपीआय म्हणजे एक इंच लांबीत मावणाऱ्या ठिपक्यांची संख्या.

२०० डीपीआय: रोजचा पत्रव्यवहार.
३०० डीपीआय: उतारे, करार, सह्या आणि शिक्के असलेले कागद.
६०० डीपीआय: अतिशय बारीक किंवा पुसट झालेला मजकूर.

ए-फोर आकाराचे एक पान ३०० डीपीआयला साधारण २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचे होते. ६०० डीपीआयला ठिपके दुप्पट नव्हे तर चौपट होतात, कारण ते उभे आणि आडवे अशा दोन्ही दिशांनी वाढतात. त्यामुळे ‘जास्त आकडा म्हणजे जास्त चांगले’ असे धरून चालल्यास फाइल उगाच फुगते आणि समोरच्याला ती उघडायला वेळ लागतो. कन्नड आणि मराठीतील मात्रा, अनुस्वार व जोडाक्षरे ३०० डीपीआयला स्वच्छ वाचता येतात. जमिनीच्या उताऱ्यासाठी तोच दर्जा ठेवावा.

रंगाचा प्रश्नही येथेच सोडवा. निळ्या शाईची सही किंवा जांभळा शिक्का ओळखू यायला हवा असेल, तर ‘रंगीत’ निवडा. ‘काळे-पांढरे’ निवडल्यास फाइल सर्वांत लहान होते, पण फिकट शिक्का पूर्ण नाहीसा होण्याची शक्यता असते. त्या दोहोंमधील ‘करडा’ हा पर्याय पेन्सिलीची टिपणे आणि फोटो यांसाठी ठेवला आहे.

‘शोधता येणारी पीडीएफ’ हा पर्याय या यंत्रात फक्त इंग्रजी मजकुरासाठी काम करतो. मराठी आणि कन्नड कागदांसाठी ‘साधी पीडीएफ’ निवडा. पानाचे चित्र दोन्हींत सारखेच उमटते.

*पायरी ५: तपासा आणि पाठवा.*
पडद्यावर पानांची संख्या, पहिल्या पानाचे लहान चित्र, फाइलचा आकार आणि पाठवण्याचा पत्ता एकत्र दिसतो. पान उलटे, तिरके किंवा कोरे आले असेल तर येथेच दुरुस्त करा. सर्व बरोबर असेल तर ‘पाठवा’ दाबा.

*संदेश:* ही फाइल १८ एमबीपेक्षा मोठी आहे. ई-मेलमधून जाताना जोडलेल्या फाइलचा आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो, आणि पुष्कळ ठिकाणी २५ एमबीपेक्षा मोठा ई-मेल स्वीकारला जात नाही. ‘भाग करून पाठवा’ किंवा ‘दर्जा कमी करा’ यांपैकी एक निवडा.

*संदेश:* ई-मेल गेला नाही, कारण इंटरनेट जोडणी मिळाली नाही. स्कॅन केलेली पाने एक तास जपून ठेवली आहेत. त्या वेळेत ‘पुन्हा पाठवा’ दाबल्यास कागद परत ठेवावे लागणार नाहीत.

पाठपोट छपाई

एकबाजू कागदावरून पाठपोट · पाठपोट कागदावरून पाठपोट · पाठपोट कागदावरून एकबाजू

आपल्यासमोर असलेला मूळ कागद कसा आहे ते आधी सांगा आणि प्रत कशी हवी ते नंतर सांगा. सभेच्या कार्यवृत्ताची ४० पाने पाठपोट छापली तर २० कागद लागतात, आणि पानांची संख्या विषम असेल तर शेवटच्या कागदाची मागची बाजू कोरी राहते. ही कोरी बाजू म्हणजे यंत्राचा दोष नाही.

*पान कसे उलटायचे?*
‘डावीकडून उलटणारे’ हा पर्याय उभ्या पानांसाठी असून त्यात पान वहीच्या पानाप्रमाणे उलटते. ‘वरून उलटणारे’ हा पर्याय वरच्या कडेला टाचणी मारून लावायच्या उभ्या पानांसाठी आणि रोजकीर्दीसारख्या डावीकडे बांधायच्या नसलेल्या आडव्या तक्त्यांसाठी आहे. येथे चूक झाली, तर प्रत्येक दुसरे पान डोके खाली करून छापले जाते आणि संपूर्ण संच वाया जातो. म्हणून मोठा संच असेल तेव्हा ‘एक नमुना प्रत’ हे बटण आधी दाबावे, ती प्रत हातात घेऊन उलटून पाहावी आणि मगच ‘उरलेल्या प्रती छापा’ दाबावे.

ज्या कागदावर शिक्का आणि शाईची सही येणार आहे, तो एकबाजूच छापावा, कारण पातळ कागदावर शिक्क्याची शाई मागे उतरते आणि मागचा मजकूर वाचता येईनासा होतो. कागद वाचवण्याचा आग्रह योग्य आहे, परंतु कर्जाच्या कागदपत्रांपेक्षा तो मोठा नाही.

*संदेश:* पाठपोट छपाईत कागद अडकला आहे. उजवीकडील दार उघडा, कागद दोन्ही हातांनी सरळ रेषेत ओढा आणि दार ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत लावा. ज्या भागावर पिवळी खूण आहे तो भाग गरम असतो, त्याला हात लावू नका.

पाठपोट छपाईत प्रत्येक कागद गरम रुळांतून दोनदा जातो, आणि कागदात ओल असेल तर पहिल्या फेरीतच त्याच्या कडा वळतात. खानापूर शाखेत जूनपासून सप्टेंबरपर्यंत याची विशेष काळजी घ्यावी लागते. उघडलेल्या रिममधील उरलेला कागद त्याच वेष्टनात घट्ट गुंडाळून ठेवावा आणि पावसाळ्यात ट्रेमध्ये त्या दिवसापुरताच कागद भरावा.

कागद आणि ट्रे

ट्रे १: ए-फोर, साधा कागद.
ट्रे २: लीगल, साधा कागद.
ट्रे ३: ए-फोर, संस्थेचे लेटरहेड.
बाजूचा ट्रे: पाकिटे, जाड कागद आणि इतर मापे.

‘आपोआप’ निवडल्यास यंत्र मूळ कागदाचे माप पाहून ट्रे १ किंवा ट्रे २ निवडते. ट्रे ३ मात्र कधीही आपोआप निवडला जात नाही, नाहीतर ट्रे १ रिकामा होताच साध्या झेरॉक्ससाठी लेटरहेड वापरले गेले असते. लेटरहेड हवे असेल तेव्हा ‘ट्रे ३’ स्वतः निवडा.

ए-फोर कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटर आणि लीगल कागद २१६ गुणिले ३५६ मिलिमीटर मापाचा असतो. रुंदीतील फरक डोळ्यांना जवळपास जाणवत नाही, पण लांबीत जवळजवळ सहा सेंटिमीटरचा फरक आहे, आणि सह्या बहुतेक वेळा त्याच सहा सेंटिमीटरमध्ये असतात. लीगल कागदाची प्रत ए-फोरवर काढायची असेल, तर ‘पान मावेल असे लहान करा’ हा पर्याय निवडा. त्यात मजकूर ८३ टक्क्यांवर येतो आणि खालची ओळ कापली जात नाही.

बाजूच्या ट्रेमध्ये कागद ठेवला की यंत्र त्याचे माप आणि जाडी विचारते. जाड कागद ठेवून ‘साधा’ असे सांगितले, तर शाईची पूड कागदावर नीट पक्की होत नाही आणि बोट फिरवताच अक्षरे निघतात.

ट्रे भरताना कागद लाल रेषेच्या वर जाऊ देऊ नका आणि दोन्ही पट्ट्या कागदाला हलक्या टेकतील अशा सरकवा. पट्टी सैल राहिली तर छपाई तिरकी येते. पट्टीची जागा चुकली तर यंत्र कागदाचे मापच चुकीचे ओळखते.

*संदेश:* आपण पाठवलेला प्रिंट लीगल मापाचा आहे, परंतु ट्रे २ रिकामा आहे. ट्रे २ मध्ये लीगल कागद भरा, किंवा ‘ए-फोरवर लहान करून छापा’ दाबा, किंवा ‘रद्द करा’ दाबा. आपण निर्णय घेईपर्यंत आपला प्रिंट बाजूला ठेवला जाईल आणि रांगेतील पुढच्या व्यक्तीचे काम सुरू राहील.