विषय: तुमचं ॲप माझ्या फोनवरून गिऱ्हाइकांना रात्री-अपरात्री कोरे मेसेज पाठवतंय (तक्रार क्र. 48213, तिसऱ्यांदा लिहितोय)

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

मी लोणंद, जि. सातारा इथे कृषी सेवा केंद्र चालवतो. खत, बियाणं, औषधं. तुमचं उधारी खात्याचं ॲप गेली तीन वर्षं वापरतोय, वर्षाचे 1,499 रुपये भरून. फुकटवाला नाही, हे आधीच सांगतो, कारण मागच्या दोन्ही वेळा उत्तर फुकटवाल्याला द्यावं तसंच आलं.

तक्रार अशी. 24 जूनला ॲप अपडेट झालं आणि त्यात ‘मराठी संदेश’ ही सोय आली. मला आनंद झाला, लगेच चालू केली. त्यानंतर दोन-तीन दिवसांत माझ्या नंबरवरून गिऱ्हाइकांना रिकामे एसएमएस जायला लागले. नाव नाही, रक्कम नाही, एक अक्षर नाही. माझ्या फोनच्या मेसेजमध्ये जाऊन पाहिलं तर प्रत्येकाच्या नावापुढे नुसते रिकामे फुगे, एकाखाली एक. 7 जुलैच्या रात्रीपर्यंत मी मोजले ते 386, आणि ते गेलेत 61 खात्यांवर.

पहिले दोन दिवस मी नेटवर्कलाच दोष दिला. त्याच आठवड्यात माउलींची पालखी आमच्याकडे मुक्कामी होती आणि तेव्हा लोणंदमध्ये शेजारच्या दुकानाला फोन लागत नाही. पालखी पुढे फलटणकडे गेली, नेटवर्क जागेवर आलं, कोरे मेसेज मात्र चालूच.

तुमच्या सेवा केंद्राने दोनदा कळवलं की हे ‘फोनमधल्या दुसऱ्या ॲपमुळे’ होत असावं, कॅशे साफ करा. कॅशे साफ केली. फोन बंद करून चालू केला. काही फरक नाही. त्यानंतर आलेला सल्ला होता ॲप काढून पुन्हा टाका. 412 खात्यांची उधारी ज्यात आहे ते ऐन खरिपात काढून टाकायची माझी छाती होत नाही. बॅकअप आहे म्हणता, पण ज्या ॲपला मेसेजमधला मजकूर सांभाळता येत नाही त्याच्या बॅकअपवर मी किती भरवसा ठेवायचा?

तेव्हा हे दुसऱ्या कुणाचं नसून तुमच्याच ॲपचं काम आहे, हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो.

3 जुलैच्या रात्री फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त तुमच्या ॲपची एसएमएसची परवानगी काढली. 4 तारखेला दिवसभरात एकही कोरा मेसेज गेला नाही. 5 ला सकाळी दुकान उघडल्यावर परवानगी परत दिली. नऊ मिनिटांत सुरू. त्याआधी एकदा फोननेच विचारलं होतं की हे ॲप खूप एसएमएस पाठवतंय, पाठवू द्यायचे का. तेव्हा फोन आमच्या कामावरच्या पोराच्या हातात होता. त्याला वाटलं बिलाचे मेसेज असतील, त्याने हो म्हटलं. फोनच्या लक्षात आलं ते तुमच्या लक्षात येऊ नये, याचं नवल वाटतं.

याहून पक्का पुरावा एका चुकीच्या नंबराचा आहे. एका खात्यावर नंबर टाकताना माझ्याकडून शेवटचा आकडा चुकला होता. तो चुकीचा नंबर माझ्या फोनबुकात नाही, कुठल्या वहीत नाही, फक्त तुमच्या ॲपमध्ये आहे. 2 जुलैला त्या नंबरवरून यवतमाळच्या एका गृहस्थांचा फोन आला. ‘कोन आहे जी तुम्ही? चार दिवसांपासून काहीच न लिहिता मेसेज टाकून राह्यले.’ त्यांची माफी मागितली, नंबर दुरुस्त केला. आता मला सांगा, दुसऱ्या कुठल्या ॲपला तो नंबर कुठून मिळाला?

माझा पुतण्या पुण्यात शिकतो. तो रविवारी आला होता, त्याने आणि मी मिळून बसून हे तपासलं. तुमचा मराठी संदेश असा असतो:

नमस्कार, आपल्या खात्यावर रु. 2,340 उधार. एकूण बाकी रु. 18,715. – पाभर कृषी सेवा केंद्र, लोणंद

पुतण्या म्हणाला, इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, देवनागरीत 70च. आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. आम्ही वहीत लिहून मोजलं. वरचा मेसेज 93 भरतो. म्हणजे त्याचे दोन तुकडे करून पाठवावा लागतो. मग आम्ही दुकानाचं नाव काढून टाकलं. उरले 62. माझ्याच दुसऱ्या नंबरवर पाठवला, व्यवस्थित पोचला. नाव परत टाकलं, कोरा गेला. असं पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. इंग्रजी संदेश ठेवला की दुकानाच्या नावासकट नीट जातो. तुमच्या लोकांनी हे बसल्या जागी दहा मिनिटांत करून पाहावं.

आणखी एक. कोरा मेसेज एकदा जाऊन थांबत नाही. ॲपमध्ये त्या नोंदीपुढे ‘पाठवणे बाकी’ असं दिसत राहतं आणि थोड्या वेळाने तेच पुन्हा जातं. एका खात्यावर एका रात्रीत 11 गेलेत. पुतण्याचा अंदाज असा की ॲपला मेसेज गेल्याचं कळत नाही, म्हणून ते परत परत पाठवत बसतं. तो अंदाज बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा. मी खतवाला आहे.

आता यात माझं काय गेलं, ते लिहितो. कारण फोनवर तुमच्या प्रतिनिधी बाई म्हणाल्या, ‘सर, मेसेज ब्लँक आहे, त्यात कुठलीही चुकीची माहिती तर गेलेली नाही.’

माझ्या रिचार्जमध्ये दिवसाला 100 एसएमएस आहेत. 1 जुलैला दुपारीच ते संपले. त्याच दिवशी नवीन फोनवर बँकेचं ॲप सुरू करायचं होतं. सिम माझंच आहे हे पटवायला त्या ॲपला माझ्या फोनमधून एक एसएमएस पाठवावा लागतो. तो जाईना. कंपनीच्या गाडीवाल्याला पैसे द्यायचे होते, 40 गोणी उतरवून तो तासभर पायरीवर बसून राहिला. शेवटी शेजारच्या कापडवाल्याकडून रोख उसनी घेतली.

हे पैशाचं झालं, निभावलं. पुढचं निभावणं अवघड होतं.

आमच्याकडे बऱ्याच घरांत खातं घरधन्याच्या नावावर आणि नंबर घरातल्या बाईचा असतो, कारण फोन घरी तिच्याजवळ असतो. अशा एका घरी रात्री 2 वाजून 13 मिनिटांनी माझ्या नंबरवरून कोरा मेसेज गेला. मग 2.40 ला. मग 3 नंतर. सकाळी मी शटर वर करायच्या आत त्या घरातले मालक दुकानासमोर उभे. काही बोलले नाहीत. फक्त फोन माझ्यासमोर धरला. मी माझा फोन काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, स्वतः बघा. त्यांनी अंगठ्याने सरकवत सगळे रिकामे फुगे पाहिले. त्यात त्यांच्या चुलत्याचं नाव होतं, सोसायटीच्या सचिवांचं होतं, भजनी मंडळातल्या दोघांचं होतं. मग ‘बरं’ म्हणाले आणि गेले. मराठीत ‘बरं’चे किती अर्थ होतात हे तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर ते दुकानात आलेले नाहीत.

दुसरे एक जण, वरच्या मेसेजमध्ये 18,715 बाकी दिसते ती यांचीच, दुकानात येऊन हसत म्हणाले, ‘आण्णा, कोरा मेसेज आला. म्हणजे खातं कोरं झालं म्हणायचं का?’ मीही हसलो. पण त्या दिवशी ते हप्ता द्यायला आले होते, तो न देताच गेले. उधारीच्या धंद्यात माणसाला कारण लागतं, ते तुम्ही आयतं पुरवलंत.

माझ्या नंबराचीही काळजी आहे. हा नंबर 14 वर्षं पाटीवर रंगवलेला आहे. एवढे मेसेज बघून कुणी 1909 ला तक्रार केली तर त्रासदायक मेसेज पाठवणारा म्हणून माझाच नंबर बंद व्हायचा, तुमच्या कंपनीचा नव्हे. मेसेज पाठवायला सिम माझं वापरता, म्हणून हे स्पष्ट लिहितोय.

सध्या मी एसएमएसची परवानगी काढून ठेवली आहे आणि संध्याकाळी दुकान बंद केल्यावर एकेकाला फोन करून बाकी सांगतो. ज्या कामासाठी तुम्हाला पैसे दिले तेच काम.

तुमच्याकडून मला हवंय ते असं. सर्वात आधी, ‘पाठवणे बाकी’ म्हणून अडकून पडलेल्या सगळ्या नोंदी तुमच्या बाजूने रद्द करा, नाहीतर परवानगी दिल्यादिल्या ते परत सुटतील. दुरुस्ती कधी येणार ती तारीख द्या. ‘लवकरच’ नको. 24 जूनपासून माझ्या खात्यावरून कुठल्या नंबरला किती वाजता मेसेज गेले त्याची पूर्ण यादी पाठवा, म्हणजे माझी मोजणी ताडून बघता येईल.

आणि एक कागद हवा. कंपनीच्या लेटरहेडवर, मराठीत, सहीशिक्क्यानिशी, चार ओळी: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत गेलेले कोरे मेसेज आमच्या ॲपच्या दोषामुळे गेले, दुकानदाराने पाठवले नव्हते, आणि त्यामुळे कुणाच्या खात्यावरची बाकी बदललेली नाही. तो मी काउंटरच्या काचेखाली लावणार आहे. आणि एक प्रत स्वतः एका घरी नेऊन देणार आहे. नुकसानभरपाई म्हणून वर्गणी तीन महिने वाढवून देणार असाल तर द्या, नको म्हणणार नाही, पण आधी तो कागद.

आठ दिवस वाट बघतो. त्यात काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवीन. ही धमकी नाही, पुढच्या आठवड्याच्या कामांच्या यादीत लिहून ठेवलंय एवढंच.

सोबत 14 स्क्रीनशॉट आणि पुतण्याने काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ जोडला आहे. त्यात नाव काढल्यावर जाणारा आणि नाव टाकल्यावर कोरा होणारा, दोन्ही मेसेज दिसतात. गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर झाकलेत. ॲपची आवृत्ती 7.4.1 आहे.

फोन करायचा तर दुपारी 1 ते 3 मध्ये करा, तेव्हा दुकानात गर्दी नसते. आणि कृपा करून ज्याने हा मेल शेवटपर्यंत वाचलाय त्यानेच करावा. कॅशे साफ करायला सांगायला नवीन माणूस नको.

आपला,
दत्तात्रय
पाभर कृषी सेवा केंद्र, लोणंद
(नोंदणीकृत नंबर तुमच्याकडे आहेच. त्यावर एसएमएस मात्र करू नका, सध्या मेसेजचा आवाज आला की पोटात गोळा येतो.)