फ्रिजवर लावायची वाक्यं

चिऊ, लेक अडीच वर्षांची झाली आणि हल्ली फोनवर आधी तिचं भोकाड ऐकू येतं, मग तुझा आवाज. म्हणून हा कागद मोठ्या अक्षरांत लिहिलाय. फ्रिजला लाव आणि जी वेळ येईल तिचं वाक्य मनात म्हण.
— मावशी

पोळीचे तुकडे केल्यावर

तिला अख्खी हवी होती. माझ्यासाठी ती पोळी आहे, तिच्यासाठी आभाळ कोसळलंय. दोघींचंही खरं आहे.

निळी वाटी काल लाडकी होती, आज नकोशी झालीये. उद्या पुन्हा गट्टी होईल.

लिफ्टचं बटण दुसऱ्याने दाबल्यावर

खाली जाताना तिची पाळी.

"तुला दाबायचं होतं ना? राग आला ना?" एवढंच म्हणायचं. बाकीचं समजावणं रडणं थांबल्यावर, आत्ता त्यातलं काही तिच्या कानात शिरणार नाही.

किराणा दुकानात लोळण घेतल्यावर

लोक बघतायत. बघू देत. निम्म्यांनी हे घरी पाहिलंय, उरलेल्यांनी लहानपणी स्वतः केलंय.

आधी लेक, मग तूरडाळ.

एका वेळी एकीनेच ओरडायचं. आज तिचा नंबर आधी लागलाय.

चॉकलेटला नाही म्हटलंय, ते नाहीच. पण नाही म्हणतानाही कडेवर घेता येतं.

ती मला त्रास देत नाहीये, तिला त्रास होतोय. रागाला आवर घालणारा मेंदूचा भाग कपाळामागे असतो आणि तो पुरता तयार व्हायला विशी उलटावी लागते. अडीच वर्षांच्या पोरीला घाई कशी करू?

संध्याकाळी सात वाजता

भूक, झोप, शू. आधी ही तीन बघायची, मग तिचा स्वभाव काढायचा.

आधी वरणभात, मग शिस्त.

कपडे घालताना

"लाल की पिवळा?" एवढंच विचारायचं. "घालायचा का?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे.

उलटा घातलेला फ्रॉकही फ्रॉकच असतो.

माझाच आवाज चढल्यावर

चढला. आता घोटभर पाणी पिते आणि तिच्याजवळ जाऊन बसते. "आई मोठ्याने ओरडली, तुला भीती वाटली ना? चुकलं माझं." हे म्हणायला कधीच उशीर झालेला नसतो.

ती सुरक्षित जागी असेल तर दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत उभं राहणं म्हणजे पळ काढणं नव्हे. पाठीचा कणा सरळ, श्वास सावकाश, मग परत जायचं.

दिवसभर ती माझ्यावरच चिडते, कारण माझ्यापाशी चिडलं तरी चालतं हे तिला ठाऊक आहे.

सल्ले देणारे घरी आल्यावर

"हो काकू, बघते." चहा टाकायला आत जायचं.

आणि जावईबापू, शेवटची ओळ तुमच्यासाठी आहे. ती मनात नाही, मोठ्याने म्हणायची, आणि चिऊने हाक मारायच्या आधी:

"तू बस, मी बघतो."