लताआत्या, पत्रिका मिळाली असेल, पण हा मेसेज वेगळा आहे

आत्या, नमस्कार, मी पिंकी, नाशिकच्या दिलीपची धाकटी. काल बाबांनी पत्रिकेचा फोटो सगळ्या नातेवाईकांना एकदमच टाकून दिला, त्यात तुम्हालाही गेला असेल, पण मला ते काही बरं वाटलं नाही म्हणून मुद्दाम वेगळं लिहितेय. फोनच करणार होते पण दुपारची तुमची झोपायची वेळ असेल असं वाटलं.

तुम्हाला आठवतंय का माहीत नाही, आजीच्या दहाव्याला रामकुंडावर गर्दीत माझी चप्पल हरवली होती. मी तेव्हा आठवीत असेन. दगड असले तापलेले आणि मी रडवेली, तर तुम्ही काही न बोलता तुमची चप्पल काढून माझ्या पायात घातलीत आणि स्वतः अनवाणी रिक्षापर्यंत चालत आलात. मला ती चांगली दोन बोटं मोठी होत होती, फटक फटक वाजत होती. जाताना म्हणालात की पोरी आता पुढच्या वेळी चांगल्या कामाला भेटू. (लग्नाच्या निमंत्रणात दहाव्याचं काढलं म्हणून आई ओरडेल, तिला सांगू नका!) त्यानंतर आपली भेटच नाही हो.

तर ते चांगलं काम आलंय. रविवारी १३ डिसेंबरला दुपारी १२:३५ चा मुहूर्त आहे, गंगापूर रोडला लॉन्सवर, आणि हळद आदल्या दिवशी शनिवारी संध्याकाळी घरीच अंगणात. मुलगा सिन्नरचा आहे, निखिल नाव, शांत आहे, म्हणजे आपल्या घरात जरा जास्तच शांत वाटेल. तुम्ही हळदीलाच या ना. बाबा म्हणतात हळदीची जुनी गाणी आता घरात फक्त तुम्हालाच येतात, आम्हा पोरींना डीजेशिवाय काही येत नाही आणि आईला पहिल्या दोन ओळींच्या पुढे आठवत नाही. गायचं नसेल तरी नुसत्या येऊन बसा, तेवढंच पुरे.

जळगावहून गाडीने नाशिकरोडला उतरा, पुढे रिक्षा वगैरे करू नका, द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये तासभर जाईल, दादा स्टेशनवर येईल घ्यायला. गुडघ्यांचं कळलं मला, म्हणून तुमची झोपायची सोय खालच्या खोलीत केलीये, जिने नाहीत, आणि संडास पण कमोडचा आहे. स्वेटर मात्र आणा, डिसेंबरात इथे पहाटे हुडहुडी भरते. वहिनींना आणि छोट्याला घेऊनच या, शाळेचं काय, शनिवारची एक दांडी चालते. आहेर बिहेर काही आणायचा नाही हं, फारच वाटलं तर तुमच्याकडची भरताची वांगी आणा, इथे तशी मिळत नाहीत.

तिकीट काढलं की मला सांगा, बाबांना नको, ते विसरतात.

तुमची पिंकी